वृत्तांतलेखकाची खुर्ची

कृषिशास्त्रज्ञांच्या कोणत्याही राष्ट्रीय चर्चासत्रात चहाच्या सुटीत एक दृश्य हमखास दिसते. एखाद्या संस्थेचे निवृत्त संचालक किंवा नामवंत वनस्पतिरोगतज्ज्ञ हातात कप घेऊन उभे असतात आणि त्यांच्याभोवती दहाबारा तरुणांचे कडे पडलेले असते. प्रत्येक जण आपले नाव आणि आपले केंद्र सांगतो, शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतो आणि पुढच्यासाठी जागा करून देतो. पंधरा मिनिटांत घंटा होते. महिन्याभराने त्या ज्येष्ठांना या मंडळींपैकी एकाचेही नाव आठवत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. एका दिवसात त्यांना असे शंभर जण भेटलेले असतात आणि त्यांतल्या कोणाशीही त्यांनी मिळून काही केलेले नसते.

त्याच सभागृहात, व्यासपीठाच्या कडेला, एका लहान टेबलाशी एक जण खाली मान घालून लिहीत बसलेला असतो. कार्यक्रमपत्रिकेत त्याच्या नावापुढे 'रॅपोर्टिअर' असे छापलेले असते. मराठीत त्याला सत्राचा वृत्तांतलेखक म्हणता येईल. त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. सत्र संपल्यावर मात्र सत्राध्यक्ष स्वतः उठून त्याच्याकडे येतात, कारण शिफारशींचा कागद त्याच्या हातात असतो आणि समारोपापूर्वी तो दोघांना मिळून पुरा करायचा असतो. ज्येष्ठांची ओळख व्हावी अशी इच्छा बाळगणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने धरण्याजोगी जागा ही आहे.

कृषिविषयक व्यावसायिक संस्थांची आपल्याकडे उणीव नाही. भारतीय मृदाशास्त्र संस्था १९३४ पासून, वनस्पतिरोगतज्ज्ञांची संस्था १९४७ पासून आणि कृषिविद्या शाखेची संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. कृषिविस्तार, कीटकशास्त्र, उद्यानविद्या अशा बहुतेक शाखांच्या स्वतंत्र संस्था आहेत. त्यांचा कारभार निवडून आलेले मोजके पदाधिकारी आणि बिनवेतन राबणारे सभासद चालवतात. त्यामुळे चर्चासत्र ठरले, की आयोजन सचिवाला माणसांची चणचण भासू लागते. सदस्यत्वाचे शुल्क भरून नियतकालिकाची वाट पाहणारे शेकडो असतात. 'हे काम मी करतो' असे लिहून कळवणारे विरळा.

परंतु समित्यांमध्येही भेद आहे, आणि तो ओळखला नाही तर कष्ट वाया जातात. स्वागत, निवास, भोजन, वाहतूक या समित्यांचे काम अवघड असते आणि आवश्यकही. तथापि त्या कामात ज्येष्ठांशी जो संबंध येतो तो खोलीच्या किल्लीपुरता आणि परतीच्या गाडीच्या वेळेपुरता. पाहुण्यांना स्थानकावर घ्यायला गेलेल्या कार्यकर्त्याला गाडीत तासभर सहवास मिळतो हे खरे. पण थकलेल्या माणसाला त्या तासात डुलकी हवी असते. याउलट तांत्रिक समितीत सारांशांची छाननी, सत्रांची आखणी, वृत्तांतलेखन आणि कार्यवृत्ताचे संपादन ही कामे येतात. या प्रत्येक कामात कनिष्ठाने काही लिहायचे असते आणि ज्येष्ठाने ते वाचून दुरुस्त करायचे असते. लिहिलेल्या मजकुरावर दोघांची नजर पडते, तेव्हा माणसाची पारख आपोआप होते.

वृत्तांतलेखनात नेमके काय घडते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. उदाहरण रचलेले आहे. परंतु अशी सत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते परिचित वाटेल. मध्य प्रदेशातील एका कृषी विज्ञान केंद्राचा पीकसंरक्षणाचा विषय विशेषज्ञ वनस्पतिरोगतज्ज्ञांच्या क्षेत्रीय चर्चासत्रात वृत्तांतलेखक म्हणून नाव देतो. त्याच्याकडे कडधान्यांवरील रोगांचे सत्र येते. सत्र दीड तासाचे असून त्यात आठ निबंध आहेत. प्रत्येकाला आठ मिनिटे सादरीकरणासाठी व दोन मिनिटे प्रश्नांसाठी आहेत. उरलेली दहा मिनिटे अध्यक्षांची. अध्यक्ष आहेत विद्यापीठातून निवृत्त झालेले विभागप्रमुख.

पहिली चूक बहुधा येथेच होते. अनेक वृत्तांतलेखक कोरी वही घेऊन सत्रात येतात, पडद्यावरचे आकडे उतरवू लागतात आणि तिसऱ्या निबंधापर्यंत मागे पडतात. या विषय विशेषज्ञाने आठही सारांश आदल्या रात्री वाचले आहेत. प्रत्येक निबंधासाठी एक पान राखून त्यावर पीक, ठिकाण, किती हंगाम, कशाची तुलना कशाशी आणि काय आढळले एवढे आधीच लिहून ठेवले आहे. त्यामुळे सत्रात त्याला फक्त दोनच गोष्टी टिपायच्या आहेत: कोणता प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर मिळाले की नाही. चर्चासत्राचे खरे मोल त्या दोन मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत असते, आणि कोणी लिहून ठेवले नाही तर तेच सर्वांत आधी हरवते.

तिसरा निबंध हरभऱ्याच्या मर रोगाविषयीचा आहे. मर प्रतिकारक म्हणून प्रसारित झालेल्या वाणातही शेतकऱ्यांच्या शेतांवर बरीच झाडे मेली, म्हणजे वाणाची प्रतिकारशक्ती ढासळली असावी, असा त्याचा निष्कर्ष आहे. अध्यक्ष एवढेच विचारतात: मेलेली झाडे पेरणीनंतर किती दिवसांनी मोजली, आणि त्यांची खोडे चिरून पाहिली का? उत्तर येते की मोजणी पंच्याऐंशी दिवसांनी, नजरेच्या अंदाजाने केली. खोडे चिरलेली नाहीत. घंटा होते आणि पुढचा निबंध सुरू होतो.

या प्रश्नामागचे कारण ज्याच्या ध्यानात आले, त्याचाच वृत्तांत उपयोगी ठरतो. फ्युझॅरियम बुरशीमुळे होणारी मर आणि ऱ्हायझोक्टोनिया बटाटिकोला या बुरशीमुळे होणारी कोरडी मूळकूज, दोन्हींत झाड वाळतेच. बांधावरून पाहणाऱ्याला दोन्हींचा परिणाम सारखाच भासतो. पण मर रोगात मूळ बाहेरून धड दिसते आणि खोड उभे चिरल्यास आत तपकिरी काळपट रेघ आढळते. हा रोग रोपावस्थेतही येतो आणि पुढेही. कोरडी मूळकूज बहुधा फुलोऱ्यापासून घाटे भरण्याच्या काळात, ऊन वाढलेले आणि जमिनीतील ओल सरलेली असताना डोके वर काढते. झाड गवती पिवळ्या रंगाचे होते, बाजूची तंतुमुळे नाहीशी होतात, सोटमूळ ठिसूळ होते आणि उपटू गेल्यास मोडून खालचा भाग जमिनीतच राहतो. मर प्रतिकारक वाण मूळकुजीलाही दाद देणार नाही, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून पंच्याऐंशी दिवसांनी, न चिरता केलेल्या मोजणीवरून वाणाला दोष देणे घाईचे होते.

सत्र संपल्यावर अध्यक्ष टेबलाशी येतात. वृत्तांतलेखकाचा पहिला मसुदा नेहमीच्या वळणाचा आहे: 'हरभऱ्यावरील मर रोगाबाबत अधिक संशोधनाची आवश्यकता आहे.' अध्यक्ष त्यावर काट मारतात. हे वाक्य कोणत्याही पिकाच्या कोणत्याही सत्राखाली शोभले असते. त्यातून कोणी काही करायचे उरत नाही. शिफारस म्हणजे कोणी, कोठे, केव्हा, काय करावे याचे विधान, असे ते सांगतात. आता विषय विशेषज्ञ आपल्याजवळची गोष्ट पुढे करतो. गेल्या रब्बीत त्याने हलक्या जमिनीवर घेतलेल्या दोन आद्यरेषीय प्रात्यक्षिकांत बीजप्रक्रिया करूनही घाटे भरताना झाडे वाळली होती आणि उपटताना मुळे तुटत होती. दिनांकासह छायाचित्रे त्याच्या मोबाइलमध्ये आहेत. सत्रात उठून ती दाखवली असती तर ते अवांतर ठरले असते. शिफारशीच्या मसुद्यावर मात्र तोच पुरावा कामाचा ठरतो. ज्येष्ठ चष्मा वर सारून छायाचित्रे पाहतात आणि जमिनीची खोली विचारतात. येथे दोघांची भेट खऱ्या अर्थाने होते, कारण या घडीला प्रयोगशाळेत चाळीस वर्षे घालवलेल्या माणसाकडे जे नाही ते या तरुणाकडे आहे: गेल्याच हंगामातले शेत.

वीस मिनिटांत शिफारस अशी उतरते. कृषी विज्ञान केंद्रांनी हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकांत मेलेल्या झाडांची नोंद दोनदा, म्हणजे पेरणीनंतर सुमारे तीस दिवसांनी आणि घाटे भरताना, वेगवेगळी करावी. प्रत्येक वेळी दहा मेलेली झाडे खणून काढून, चिरून, मर की मूळकूज ते लिहावे. नोंदीचा एकपानी तक्ता वृत्तांतलेखकाने तयार करावा. शेवटचे वाक्य अध्यक्षांनी हसत हसत घातलेले असते, पण ते समारोप सत्रात वाचले जाते आणि इतिवृत्तात छापलेही जाते.

येथून पुढचे पंधरा दिवस निर्णायक असतात, आणि बहुतेकांची गाडी येथेच अडते. घरी परतल्यावर साचलेली कामे समोर येतात, तक्ता 'पुढच्या आठवड्यात' जातो आणि महिन्याभराने पाठवण्याची लाज वाटू लागते. उदाहरणातील विषय विशेषज्ञ चौथ्या दिवशी तक्ता पाठवतो. तो अपुरा आहे, हे त्यालाही ठाऊक असते. अध्यक्षांचे उत्तर तीन दुरुस्त्यांसह येते. शेवटच्या पाण्याची तारीख विचारणारा रकाना घालावा. आधीचे पीक कोणते तेही विचारावे. आणि 'झाड उपटावे' असे न लिहिता 'खुरप्याने खणून काढावे' असे लिहावे. कारण मूळकुजीचे झाड उपटले तर पाहायचा तोच भाग मातीत राहतो. ही तिसरी दुरुस्ती पुस्तकात सहसा सापडत नाही. ती एका माणसाच्या हातांत मुरलेली असते आणि त्याच्याबरोबर काम केल्यावाचून दुसऱ्याच्या हाती येत नाही.

पुढल्या रब्बीत दोनतीन केंद्रांनी जरी तो तक्ता भरला, तरी ज्येष्ठ स्वतःहून विचारणा करतात, कारण उत्तराची उत्सुकता आता त्यांनाही आहे. ओळख झाली की नाही याची खूण हीच. नमस्काराला नमस्कार मिळणे ही ओळख नव्हे; पलीकडून प्रश्न येऊ लागला, की ती सुरू झाली. त्यानंतर एखाद्या छायाचित्रावर मत मागावे, अहवालाचा मसुदा वाचून द्यावा अशी विनंती करावी, यात अवघडण्याजोगे काही नाही. बदलीसाठी शब्द टाकावा किंवा निवडीसाठी शिफारसपत्र द्यावे अशी गळ मात्र पहिल्या वर्षातच घातली, तर पुढचा पत्रव्यवहार थंडावतो. ज्येष्ठ मंडळी असा हेतू फार लवकर हेरतात. त्यांचा आयुष्यभराचा अनुभव तोच असतो.

इंग्रजीची धास्ती हे मागे राहण्याचे एक कारण सांगितले जाते. राष्ट्रीय संस्थांची कार्यवृत्ते बहुतांशी इंग्रजीत निघतात, तेव्हा ही अडचण खोटी नाही. पण मोठ्या सत्रांना दोन वृत्तांतलेखक नेमता येतात. सचिवाला आधी सांगितल्यास एकाने इंग्रजी मसुदा सांभाळायचा आणि दुसऱ्याने प्रश्नोत्तरे व क्षेत्रीय मुद्दे टिपायचे, अशी वाटणी होऊ शकते. शेतकऱ्यांसाठीचा तक्ता तर हिंदीत किंवा मराठीतच हवा, आणि तो लिहिणारी माणसे संशोधन संस्थांत मुबलक नाहीत.

एका समितीपासून मात्र विस्तार कार्यकर्त्याने जपून राहावे: स्मरणिकेच्या जाहिराती आणि प्रायोजक मिळवणारी समिती. तेथे माणसे नेहमी कमी पडतात, म्हणून नव्याला प्रथम तिकडेच ढकलले जाते. काम वरकरणी सोपे असते. जिल्ह्यातील कीटकनाशक व बियाणे कंपन्यांचे प्रतिनिधी आणि कृषी सेवा केंद्रांचे चालक त्याच्या ओळखीचे असतात, आणि त्याने शब्द टाकला तर ते नाही म्हणत नाहीत. ते नाही म्हणत नाहीत, अडचण नेमकी तीच आहे. ज्याच्या शिफारशीवर औषध खपते, त्याने त्याच औषधाच्या विक्रेत्याकडे पानभर जाहिरात मागितली, की पुढच्या हंगामातील त्याच्या सल्ल्याकडे शेतकरी वेगळ्या नजरेने पाहू लागतो. कार्यकर्ता स्वतः कितीही निःस्पृह असला, तरी गावात ती पावती बोलते.

नियमही येथे आडवा येतो. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यातील नियम १२ प्रमाणे पूर्वमंजुरीशिवाय कोणत्याही कारणासाठी निधी गोळा करण्यात सहभागी होता येत नाही. नियम १५ अधिक उदार आहे. प्रासंगिक स्वरूपाचे वैज्ञानिक काम किंवा नोंदणीकृत वैज्ञानिक संस्थेच्या कारभारातील सहभाग, अधिकृत कर्तव्यात बाधा येत नसेल तर, त्याला मान्य आहे. निवडणुकीने मिळणाऱ्या पदासाठी मात्र आधी मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे वृत्तांतलेखन वेगळे आणि कार्यकारिणीची निवडणूक वेगळी. हे नियम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांतील कर्मचाऱ्यांना लागू आहेत. कृषी विद्यापीठाच्या किंवा स्वयंसेवी संस्थेच्या अखत्यारीतील केंद्रांत यजमान संस्थेचे नियम पाहावे लागतात. कोणत्याही प्रकारे, नाव देण्यापूर्वी केंद्रप्रमुखांना लेखी कळवणे शहाणपणाचे. चर्चासत्रे बहुधा ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात भरतात, आणि रब्बीची पेरणी, प्रात्यक्षिके, शेतकरी मेळावे यांचा हंगामही तोच असतो. प्रात्यक्षिकाच्या पेरणीच्या दिवशी समितीच्या बैठकीला गेलेला विशेषज्ञ दोन्हीकडची पत गमावतो.

निवडणुकीचा मुद्दा निघालाच आहे, तर एवढे नोंदवावे लागेल. काही संस्थांत गट असतात, आणि नव्याने आलेला कामसू सभासद प्रत्येक गटाला आपल्याकडे हवा असतो. दोनतीन वर्षे तरी त्याने पदाचा मोह टाळून मसुद्याचे काम धरावे. पदाधिकारी दर मुदतीला बदलतात; कार्यवृत्त नीट लिहिणारा माणूस मात्र कोणताही गट आला तरी बोलावला जातो.

प्रगतिशील शेतकऱ्यांसाठी शास्त्रज्ञांच्या संस्थांची दारे तितकी उघडी नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. परंतु पीकनिहाय उत्पादक संघांत हेच काम वेगळ्या रूपाने चालते. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ हे त्याचे ठळक उदाहरण. नाशिक, पुणे, सांगली व सोलापूर या विभागांतील बागायतदारांचा हा संघ स्वतःचे मासिक चालवतो, चर्चासत्रे भरवतो, आणि पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी त्याचा नित्य संबंध आहे. अशा संघात व्यासपीठावरची खुर्ची मिळवण्यापेक्षा विभागातील बागांच्या नोंदी गोळा करून शास्त्रज्ञांपुढे मांडण्याचे काम पत्करणारा बागायतदार अधिक जवळ पोहोचतो. छाटणीची तारीख, पावसाचे दिवस, डाऊनी मिल्ड्यूचा पहिला ठिपका कधी दिसला, त्याआधी कोणती फवारणी झाली होती, अशा पंचवीस बागांच्या नोंदी एका कागदावर आल्या, की संशोधक तो कागद बाजूला ठेवू शकत नाही. एकाच बागेचा अनुभव ही तक्रार वाटते. पंचवीस बागांची नोंद त्याला माहितीसाठा वाटते. अट एवढीच, की ज्या बागांत रोग आला नाही त्यांचीही नोंद त्या पंचवीसांत असावी. बहुतेक जण त्या वगळतात, आणि मग रोग कशामुळे टळला हे त्या कागदावरून कळत नाही.

नाव केव्हा व कसे द्यावे, हे शेवटचे व्यावहारिक टोक. चर्चासत्राचे पहिले परिपत्रक निघते तेव्हा तांत्रिक समिती अर्धवट भरलेली असते. दुसरे निघेपर्यंत नावे पक्की झालेली असतात. तेव्हा पहिले परिपत्रक हाती येताच आयोजन सचिवाला पाचसहा ओळींचे पत्र लिहावे. 'कोणतीही सेवा करण्यास तयार आहे' असे त्यात नसावे. असे लिहिणाऱ्याला भोजन समितीत पाठवले जाते. कोणत्या सत्राचा वृत्तांत लिहिण्याची तयारी आहे, त्या विषयातले शेतावरचे कोणते काम हातात आहे, आणि सत्रानंतर किती दिवसांत मसुदा मिळेल, एवढे तीन मुद्दे पुरेत. मसुद्याची मुदत सात दिवसांची लिहिली असेल, तर सहाव्या दिवशी तो अध्यक्षांकडे पोहोचलेला असावा.